डायबेटिक कीटोॲसिडोसिस : इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल का साठते आणि धोक्याची पहिली चिन्हे कशी ओळखावीत? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणजे नेमके काय?

शरीरातले इन्सुलिन जवळजवळ संपले की यकृत चरबीपासून कीटोन नावाची आम्ले मोठ्या प्रमाणावर तयार करू लागते आणि ती रक्तात साठत जातात. पीएच हा आम्लता मोजणारा आकडा आहे, आणि आम्ल वाढले की तो कमी होतो. रक्ताचा पीएच एरवी 7.35 ते 7.45 एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. तो 7.3 च्या खाली गेला, रक्तात कीटोन वाढलेले आढळले आणि रुग्णाला मधुमेह असला, तर त्या अवस्थेला डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात तुम्ही ‘डीकेए’ हा शब्द ऐकाल, तो याच आजाराचा.

हा आजार बहुतेक वेळा टाइप 1 मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा प्रकारात होतो, आणि अनेक मुलांच्या बाबतीत मधुमेह आहे हेच मुळी या अवस्थेत रुग्णालयात पोहोचल्यावर कळते. म्हणून पुढील उत्तरांमध्ये मुलांचा आणि तरुणांचा विचार अधिक केला आहे.

रक्तात साखर भरपूर असताना शरीर चरबी का जाळू लागते?

साखर रक्तात असणे आणि ती पेशींना वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्नायूंच्या आणि मेदाच्या पेशींमध्ये साखर शिरण्यासाठी इन्सुलिन लागते. ते नसले की रक्तातली साखर वाढत जाते, पण या पेशींना तिचा उपयोग होत नाही आणि शरीर उपासमार झाल्यासारखे वागू लागते. ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके वाढतात, आणि आधीच साखर जास्त असलेल्या रक्तात यकृत आणखी साखर सोडते.

आम्लाचे मूळ मात्र साखरेत नसून चरबीत आहे. इन्सुलिनचे एक काम सहसा सांगितले जात नाही : ते मेदपेशींमधली चरबी विरघळू देत नाही. या कामाला इन्सुलिन अगदी थोडे पुरते, इतके थोडे की साखर आटोक्यात ठेवायला ते पुरणार नाही. त्यामुळेच टाइप 2 मधुमेहात साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहूनही बहुतेकांना कीटोॲसिडोसिस होत नाही. त्यांच्याकडे तेवढे इन्सुलिन शिल्लक असते. ते थोडेसे इन्सुलिनही संपले की मेदपेशींतून मेदाम्ले रक्तात उतरतात आणि यकृताकडे जातात. तिथे ग्लुकागॉनच्या प्रभावामुळे ती साठवली न जाता जाळली जातात, आणि त्यातून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट व ॲसिटोॲसिटेट ही दोन आम्ले तयार होतात. ॲसिटोॲसिटेटचा काही भाग आपोआप ॲसिटोनमध्ये बदलतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

कीटोन तयार होणे हा एरवी आजार नाही. रात्रभर उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडे असतात, कारण मेंदू आणि हृदय त्यांचा इंधन म्हणून वापर करतात. निरोगी माणसात थोडे इन्सुलिन स्रवत राहते आणि कीटोनची निर्मिती आटोक्यात ठेवते. कीटोॲसिडोसिसमध्ये हा लगामच सुटलेला असतो.

आम्ल वाढले की श्वास का बदलतो?

रक्तातले बायकार्बोनेट हे क्षार आम्लाला निष्प्रभ करतात आणि त्या प्रक्रियेत स्वतः खर्च होतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो फुप्फुसांतून बाहेर टाकला तर पीएच काहीसा सावरतो. म्हणून मेंदूतले श्वसनकेंद्र श्वास जलद आणि खोल करते. जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमाउल यांनी 1874 मध्ये मधुमेहाच्या बेशुद्ध रुग्णांमधील या श्वासाचे वर्णन केले, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

घरच्या माणसांनी हा श्वास एकदा नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. मूल पलंगावर शांत पडलेले आहे, धावलेले नाही, खोकला नाही, छातीत घरघर नाही, नाक वाहत नाही, आणि तरीही छाती आणि पोट मोठ्या हालचालीने एका लयीत वरखाली होत आहे. असा श्वास दिसला तर दोष बहुधा फुप्फुसांत नसतो. शरीर आम्ल बाहेर टाकण्याची धडपड करत असते. श्वासाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढण्याच्या द्रवासारखा वास येऊ शकतो. हा वास प्रत्येकाला ओळखता येतोच असे नाही, त्यामुळे वास नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

सुरुवातीची लक्षणे कोणती, आणि ती कोणत्या क्रमाने येतात?

पहिली लक्षणे आम्लाची नसून साखरेची असतात, आणि तीच ओळखली तर पुढचे सर्व टळू शकते. रक्तातली साखर साधारण 180 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. म्हणून वारंवार आणि भरपूर लघवी होते, त्यामुळे तहान लागते, आणि खाणे नीट असूनही वजन उतरते. मूल शाळेतून तासाला दोनदा लघवीला जाऊ देण्याची परवानगी मागते, रात्री उठून पाणी पिते. सर्वांत बोलके लक्षण म्हणजे काही वर्षांपासून अंथरूण कोरडे ठेवणारे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते. लहान बाळाचे लंगोट नेहमीपेक्षा जड आणि चिकट लागतात. लघवी केलेल्या जागी मुंग्या जमतात हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे जुने निरीक्षण आहे, आणि त्यामागे लघवीतली साखर हेच कारण असते. अशी लक्षणे काही दिवस किंवा काही आठवडे राहतात.

त्यानंतर आम्लाची लक्षणे येतात, आणि ती तासांच्या हिशेबात वाढतात. भूक जाते, मळमळते, उलट्या होतात, पोटात दुखते. मूल मलूल होते, तोंड आणि जीभ कोरडी पडते, डोळे खोल जातात, आणि मग वर सांगितलेला खोल श्वास सुरू होतो. शेवटी गुंगी येते; हाक मारली तर डोळे उघडते, पण पुन्हा झोपी जाते.

पहिल्या टप्प्यातली लक्षणे लोकांना माहीत असणे किती मोलाचे आहे हे इटलीतल्या पार्मा प्रांतात दिसून आले. तिथे 1991 पासून शाळांमध्ये आणि बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत साधी भित्तिपत्रके लावली गेली, आणि त्यांत पुन्हा अंथरूण ओले करू लागलेल्या मुलाकडे मुद्दाम लक्ष वेधले होते. त्याआधी नव्याने मधुमेह सापडलेल्या मुलांपैकी 78 टक्के मुले कीटोॲसिडोसिसमध्ये दाखल होत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण 12.5 टक्क्यांवर आले.

मग ही लक्षणे नजरेतून का सुटतात?

कारण प्रत्येक लक्षणाला आपल्याकडे एक सोपे स्पष्टीकरण तयार असते. तहान लागते ती उन्हाळ्यामुळे, वजन उतरले ते उंची वाढते म्हणून, अंथरूण ओले होते ते परीक्षेच्या ताणामुळे, उलट्या होतात त्या बाहेरचे खाल्ल्यामुळे. पोटदुखी इतकी तीव्र असू शकते की अपेंडिक्सची शंका येते, आणि जलद श्वासामुळे न्यूमोनिया किंवा दमा समजून उपचार सुरू होतात.

उलट्यांच्या बाबतीत एक फरक पाहण्यासारखा आहे. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या मुलाला लघवी कमी होते. मूल उलट्या करत आहे, कोरडे पडले आहे आणि तरीही लघवी भरपूर होत आहे, हे चित्र दिसले तर त्याच क्षणी साखर तपासावी. घरात तहानेवर उपाय म्हणून ग्लुकोजचे पाणी, उसाचा रस किंवा सरबत दिले जाते, आणि त्याने साखर आणखी चढते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, म्हणूनच हे आधी माहीत असायला हवे.

तपासणी अवघड नाही. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब ग्लुकोमीटरवर पाहायला एक मिनिटही लागत नाही. लक्षणे असलेल्या मुलासाठी ‘उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त देऊ’ असे म्हणून थांबू नये, कारण ती एक रात्र या आजारात फार मोठी असते. कोणत्याही वेळची साखर 200 किंवा त्याहून अधिक आली आणि ही लक्षणे असली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ग्लुकोमीटरच्या पडद्यावर आकड्याऐवजी `HI` दिसले तर यंत्र बिघडलेले नसते. साखर त्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे, बहुतेक यंत्रांत 600 च्या वर, गेलेली असते.

एखाद्या उदाहरणातून हे समजावून सांगता येईल का?

समजण्यासाठी एक उदाहरण रचू. नऊ वर्षांची मुलगी आहे. तीन आठवड्यांपासून तहान वाढली आहे, दोनदा अंथरूण ओले झाले, शाळेचा गणवेश कमरेला सैल पडतो. काल रात्रीपासून चार उलट्या झाल्या आणि आज ती पडून आहे, श्वास खोल चालला आहे. रुग्णालयात वजन 26 किलो भरते. दोन महिन्यांपूर्वी ते 29 होते. साखर 468 आहे, पीएच 7.17, बायकार्बोनेट 7 आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब 20.

बायकार्बोनेट एरवी 22 ते 26 असते, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक साठा आम्ल शमवण्यात खर्च झाला आहे. कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी 40 च्या आसपास असतो. तो 20 वर आणला आहे तो त्या खोल श्वासाने. श्वासाने ही भरपाई केली नसती तर पीएच 7 च्याही खाली गेला असता. तिचे सोडियम 131 आणि क्लोराइड 98 आहे. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले तर 26 उरतात, एरवी ही तफावत 12 च्या जवळपास असते. हा वाढलेला फरक म्हणजे एरवी न मोजल्या जाणाऱ्या आम्लांची, इथे कीटोनची, खूण आहे. पोटॅशियम 4.8 म्हणजे सामान्य दिसते, पण तो आकडा फसवा आहे, आणि त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

रुग्णालयात कोणते उपचार होतात, आणि साखर उतरल्यावरही इन्सुलिन का चालू ठेवतात?

आधी शिरेतून सलाइन दिले जाते. या मुलीला सुरुवातीला दर किलो वजनामागे 10 ते 20 मिलिलिटर, म्हणजे 260 ते 520 मिलिलिटर दिले जाईल, आणि उरलेली तूट पुढच्या एक-दोन दिवसांत सावकाश भरून काढली जाईल. मुलांमध्ये इन्सुलिन सलाइन सुरू झाल्यावर साधारण तासाभराने शिरेतून संथ धारेने सुरू करतात. दर किलोला तासाला 0.1 युनिट या हिशेबाने हिला तासाला 2.6 युनिट. ‘एवढी साखर असताना इतके थोडे इन्सुलिन का?’ हा नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे. साखर आणि सलाइनची गती झपाट्याने बदलली तर मेंदूला सूज येण्याचा धोका ओळखूनच हा संथपणा ठेवलेला असतो. ही सूज मुलांमध्ये क्वचित येते, पण कीटोॲसिडोसिसने दगावणाऱ्या मुलांमध्ये तेच मुख्य कारण असते. उपचार सुरू असताना मुलाचे डोके दुखू लागले, ते असंबद्ध बोलू लागले किंवा जागे होईना, तर परिचारिकेला ताबडतोब सांगावे. ‘थकून झोपले असेल’ असे समजू नये.

पोटॅशियमचे असे, की आम्ल वाढल्यावर आणि इन्सुलिन नसताना ते पेशींतून रक्तात येते आणि लघवीवाटे वाहून जाते. रक्तात आकडा ठीक दिसतो, पण शरीरातला साठा रिकामा झालेला असतो. इन्सुलिन दिले की पोटॅशियम पुन्हा पेशींत शिरते, रक्तातले प्रमाण झपाट्याने घसरते, आणि ते फार घसरले तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून सलाइनमध्ये पोटॅशियम घालतात आणि दर दोन-चार तासांनी रक्त तपासतात.

साखर काही तासांत 250 ते 300 पर्यंत उतरते, पण आम्ल निवळायला त्याहून बराच वेळ, बहुधा 12 तास किंवा अधिक लागतो. साखर उतरली म्हणून इन्सुलिन थांबवले तर कीटोन पुन्हा वाढतील. म्हणून या टप्प्यावर इन्सुलिन तसेच ठेवून सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज मिसळतात. मधुमेह असलेल्या मुलाला साखरेचे सलाइन लावलेले पाहून अनेक आईवडील घाबरतात. ती चूक नसते, इन्सुलिन चालू ठेवता यावे यासाठीच ती साखर असते.

मधुमेह आधीच माहीत आहे. ताप-उलट्यांमुळे मूल जेवत नसेल तर इन्सुलिन बंद करावे का?

टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. ‘खाल्लेच नाही तर इन्सुलिन कशाला’ हा विचार वरवर बरोबर वाटतो, पण ज्ञात रुग्णांमध्ये कीटोॲसिडोसिस होण्याचे ते एक ठळक कारण आहे. आजारपणात ताणाची संप्रेरके वाढतात, यकृत स्वतःच साखर सोडते, आणि इन्सुलिनची गरज अनेकदा वाढते. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन चालू ठेवावे, जेवणाआधीच्या मात्रेत काय बदल करायचा ते डॉक्टरांना विचारावे, दर तीन-चार तासांनी साखर पाहावी, आणि पाणी, पातळ मीठ घातलेले ताक, भाताची पेज असे द्रव थोडे थोडे देत राहावे. साखर खाली येऊ लागली तर गोड द्रव द्यावे, इन्सुलिन तोडू नये. नवरात्रातल्या किंवा श्रावणातल्या उपासालाही हेच लागू आहे. उपास करायचाच असेल तर मात्रा डॉक्टरांशी आधी ठरवून घ्यावी.

इन्सुलिन टोचूनही साखर उतरत नसेल तर औषधच निकामी झाले असण्याची शक्यता धरावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेली किंवा फ्रीझरमध्ये गोठलेली कुपी टाकून द्यावी. फ्रिज नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कुपी कोरडी राहील अशी ठेवणे हा चालणारा उपाय आहे. नेहमी एकाच जागी टोचल्याने गाठ झाली असेल तर तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. इन्सुलिन पंप वापरणाऱ्यांच्या शरीरात दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन नसते, त्यामुळे नळी निघाली किंवा मुरगळली तर काही तासांतच कीटोन वाढतात. आणि एखाद्या काढ्याच्या भरवशावर टाइप 1 मधुमेहाचे इन्सुलिन सोडणे जिवावर बेतते. यात मला कोणतीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

घरी कीटोन कसे तपासावेत?

लघवीच्या कीटोन पट्ट्या औषधांच्या दुकानात मिळतात आणि स्वस्त असतात. त्या केवळ ॲसिटोॲसिटेट दाखवतात. कीटोॲसिडोसिसमध्ये प्रामुख्याने वाढणारे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट त्यांना कळत नाही. उपचाराने रुग्ण सुधारत असताना बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटचे रूपांतर ॲसिटोॲसिटेटमध्ये होते, त्यामुळे पट्टीचा रंग उलट गडद होऊ शकतो. बोटाच्या रक्तावरचे कीटोन मीटर अधिक विश्वासार्ह असते. त्यावर 0.6 मिलिमोल प्रति लिटरपर्यंतचा आकडा सामान्य, 1.5 च्या वर गेला तर डॉक्टरांना लगेच फोन, आणि 3 किंवा अधिक असला तर थेट रुग्णालय. साखर 250 च्या वर टिकून असेल किंवा उलट्या होत असतील, तेव्हा कीटोन पाहावेत.

साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो का?

होऊ शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे आत आम्ल साठत असतानाही ग्लुकोमीटरवर 180 किंवा 200 च दिसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने याबाबत मे 2015 मध्ये इशारा दिला होता. या गोळ्या भारतात टाइप 2 मधुमेहासाठी मोठ्या प्रमाणावर घेतल्या जातात आणि हृदय व मूत्रपिंडासाठी त्यांचा खरा उपयोगही आहे, म्हणून घाबरून त्या सोडू नयेत. पण उलट्या, ताप, कडक उपास किंवा शस्त्रक्रिया यांच्या काळात त्या थांबवाव्या लागतात. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस. गोळी चालू असताना मळमळ आणि धाप एकत्र आली तर साखरेच्या आकड्यावर विसंबू नये, कीटोन तपासून घ्यावेत.

घरी न थांबता रुग्णालयात कधी निघावे, आणि जाताना काय सांगावे?

मधुमेह माहीत असो वा नसो, वाढलेल्या साखरेबरोबर वारंवार उलट्या, खोल जलद श्वास, तीव्र पोटदुखी किंवा गुंगी यांपैकी एकही असेल तर निघावे. वाहन नसेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात 108 वर रुग्णवाहिका मागवता येते. शक्यतो जिथे रात्रीही रक्ताची तपासणी होते आणि अतिदक्षता विभाग आहे अशा ठिकाणी जावे. गाव लांब असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात सलाइन सुरू करून पुढे पाठवण्याची विनंती करावी. गुंगीत असलेल्या रुग्णाला तोंडाने काही पाजू नये, आणि वाटेत त्याला कुशीवर ठेवावे.

दारात शिरताच ‘उलट्या होत आहेत’ एवढेच न सांगता ‘तहान आणि लघवी इतक्या दिवसांपासून वाढली आहे, वजन उतरले आहे, साखर तपासा’ असे सांगावे. मधुमेह माहीत असेल तर शेवटचे इन्सुलिन कधी आणि किती युनिट टोचले, घरी साखर आणि कीटोन किती आले, आणि ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू आहे का, हे कागदावर लिहून न्यावे, आणि इन्सुलिनची कुपी किंवा पेन सोबत ठेवावे.